निवृत्त इंजिनिअरची सल्लागारी: पहिल्या कामाआधीचे प्रश्न

निवृत्तीनंतर स्वतंत्र सल्लागारी करू पाहणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दर किती, कागद कोणता, कर किती? उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून एकच नमुना घेऊ. केंद्र सरकारच्या कारखान्यातून 60 व्या वर्षी निवृत्त झालेला धातुतज्ज्ञ, महिना 60 हजार पेन्शन. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भोसरीतला अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगचा, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून नग ओतणारा, एक लहान कारखाना. तिथे पंपाच्या हाउसिंगचे शंभरातले सात नग मशिनिंगनंतरच्या लीक टेस्टमध्ये बाद होतात. आकडे नमुन्याचे, नियम खरे, आणि कराचे दर आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत.

निवृत्त झाल्या झाल्या काम घेता येतं का?

खासगी नोकरीतून निवृत्त झाला असाल तर बहुधा येतं. नोकरीच्या करारात ‘दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. जुन्या कंपनीची ड्रॉइंग, प्रोसेस शीट, पुरवठादारांचे दर यातलं काहीही नव्या गिऱ्हाइकापुढे ठेवायचं नाही. तुमच्या लॅपटॉपवर ते पडून असणंही धोक्याचं आहे, म्हणून पहिलं काम घेण्याआधी ते काढून टाका.

केंद्र सरकारच्या गट-अ पदावरून निवृत्त झालेल्यांना पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायची तर पूर्वपरवानगी लागते. ‘माझी कुठे नोकरी आहे, मी तर सल्लागार’ हा युक्तिवाद इथे आपोआप चालत नाही. पदावर असताना हाताळलेल्या विषयांशी जोडलेली सल्लागारीही या नियमाच्या कक्षेत येऊ शकते. परवानगी न घेता काम सुरू केलं तर धोका पेन्शनला असतो. आपल्या नमुन्यातल्या माणसाने आधी अर्ज करावा आणि मगच भोसरीला जावं. राज्य सरकार, महामंडळं आणि बँका यांचे नियम वेगवेगळे आहेत. तुमच्या आस्थापना विभागाकडून ते लेखी मागून घ्या.

पहिल्या भेटीत किती सांगायचं?

तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या माणसाला बाद नग हातात दिला की राहवत नाही. तो लगेच म्हणतो, ‘तुमचे व्हेंट बुजलेत, आणि स्प्रे जास्त मारताय.’ मालक चहा पाजतो, आभार मानतो, आणि दुसऱ्या दिवशी डाय म्हणजे साचा उतरवून हवा बाहेर जाण्याचे व्हेंट साफ करतो. निदान बरोबर निघालं तर काम मिळत नाही. चूक निघालं तर नाव खराब होतं, तेही फुकटात.

आणि अशा निदानाला आधारही नसतो. नग कापून छिद्र पाहिल्याशिवाय बोलणं म्हणजे अंदाज. छिद्र गोल आणि आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर वायू अडकलेला असतो. त्याची कारणं व्हेंट, स्प्रे, प्लंजरचा वेग या बाजूला शोधायची. छिद्र वेडंवाकडं, खरखरीत आणि जाड भागात असेल तर ते धातू आकसल्यामुळे झालेलं असतं. तिथे बघायचा तो शेवटचा दाब, नळीत उरणाऱ्या धातूच्या चकतीची, म्हणजे बिस्किटची जाडी आणि डायचा गरम राहणारा भाग. पहिल्याचा इलाज दुसऱ्यावर केला तर महिनाभराने आकडा सातच राहतो.

म्हणून पहिल्या तासाभरात औषध सांगू नका, प्रश्न विचारा. बाद नग कुठल्या डायचे, कुठल्या शिफ्टचे? सात टक्के कशातले, ओतलेल्या नगांतले की मशिनिंगला गेलेल्यांतले? मशिनिंगच्या आधी डोळ्यांनी पाहून फेकलेले नग यात धरलेत का? गिऱ्हाइकाकडून परत आलेले कुठे मोजता? बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला दोन माणसं दोन उत्तरं देतात, आणि सल्लागार कशासाठी लागतो ते मालकाला तिथेच कळतं. निघताना वीस बाद नग मागून ठेवा, पण ते कापायचं काम ऑर्डर आल्यावर.

दर कसा काढायचा? शेवटच्या पगाराला तीसने भागलं तर?

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. पगाराच्या दिवसात सुट्ट्या, पीएफ, विमा, गाडी, फोन आणि शेजारच्या टेबलावरचा मदतनीस हे सगळं धरलेलं होतं. सल्लागाराच्या दिवसात त्यातलं काही नसतं.

उलट्या बाजूने हिशेब मांडा. आठवड्याला तीन दिवस काम करायचं आणि वर्षातले चार आठवडे सुट्टी, म्हणजे 144 दिवस झाले. यातले सगळे विकले जात नाहीत. प्रस्ताव लिहिणं, प्रवास, बिलासाठी फोन, रद्द झालेल्या भेटी आणि स्वतःचं वाचन यात दहातले चार दिवस तरी जातात. आजारपणासाठी थोडे आणखी सोडले की 80 दिवस उरतात. वर्षाला 12 लाख मिळावेत असं वाटत असेल तर दिवसाला 15 हजार पडले. प्रवास, लॅपटॉप, चार्टर्ड अकाउंटंट, छपाई, फोन असा वर्षाचा सव्वा लाखाच्या आतबाहेर खर्च धरला तर दिवसामागे आणखी दीड हजार. म्हणजे तुमचा दर साडेसोळा हजार.

पहिल्या वर्षी 80 दिवस विकले जातीलच असं नाही. चाळीस गेले तरी बरं म्हणायचं. पण म्हणून दर अर्धा करू नका. एकदा सांगितलेला आठ हजारांचा आकडा त्या वसाहतीत वर्षानुवर्षं तुमच्या नावाला चिकटतो. ओळखीच्या मालकाला सवलत द्यायचीच असेल तर दिवस कमी करा आणि दर तोच ठेवा.

दिवसावर घ्यावं की कामावर?

मालकाला कामाचा एक आकडा सांगा आणि स्वतःच्या वहीत तो दिवसांवर काढा. आपल्या नमुन्यात पहिला दिवस बैठक आणि नग कापून पाहण्याचा. पुढचे तीन दिवस निरीक्षणाचे, त्यातली एक पाळी रात्रीचीच हवी, कारण दिवसा सल्लागार उभा असताना स्प्रे बरोबरच मारला जातो. दोन दिवस घरी बसून नोंदी जुळवायच्या. दोन दिवस चाचण्या, आणि एक दिवस अहवाल मालकासमोर ठेवून समजावण्याचा. नऊ दिवस गुणिले साडेसोळा हजार म्हणजे 1,48,500. सांगायचे दीड लाख.

‘सातवरून दोन टक्क्यांवर आणलंत तर पैसे’ ही मागणी येतेच. ती ऐकायला मर्दुमकीची वाटते, पण तिच्यात अडचणी आहेत. मोजणारे ते, मशीन त्यांचं, इन्गॉट त्यांनी विकत घेतलेले. मधल्या महिन्यात त्यांनी स्वस्तातलं भंगार वितळवायला घेतलं तर तुमचा आकडा गेला. निकालाशी जोडलेला भाग द्यायचाच असेल तर तो मूळ शुल्काच्या वर बक्षीस म्हणून असावा. मोजणी आधीच लिहून घ्या: कुठली डाय, कुठली चाचणी, किती दिवसांचं उत्पादन, आणि काम सुरू होण्याआधीच्या महिन्याचा आकडा दोघांच्या सहीने.

कागदावर काय असावं?

वकिली भाषेतला वीस पानी करार लहान कारखान्यात कुणी वाचत नाही. दोन पानांचं पत्र आणि त्याचा उल्लेख असलेली त्यांची परचेस ऑर्डर एवढं पुरतं. पत्रात काम काय ते एका वाक्यात लिहा: ‘अमुक नगाच्या लीक टेस्टमधील रिजेक्शनची कारणे शोधणे, दोन चाचण्या घेणे आणि दुरुस्तीचा अहवाल देणे.’ त्याच्याच खाली काय नाही तेही लिहा. डाय दुरुस्तीचं डिझाइन नाही, ऑपरेटरचं प्रशिक्षण नाही, गिऱ्हाइकाच्या ऑडिटला हजर राहणं नाही. हे लिहिलं नाही तर चौथ्या दिवशी ‘साहेब, आलाच आहात तर जरा हेही बघा’ सुरू होतं, आणि नऊ दिवसांचं काम पंधरावर जातं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो त्यांच्याकडून काय हवं ते लिहायचं राहिल्यामुळे. चाचणीला ठरावीक मशीन सलग दोन पाळ्या, एक डाय सेटर आणि तीनशे शॉटपुरता धातू लागतो. चाचणीच्या दिवशी तुम्ही सकाळी सातला पोचता आणि कळतं की डिस्पॅचचा ताण आहे, मशीन दुसऱ्या नगावर लावलंय. तुमचा दिवस बुडाला. पत्रात ‘ठरलेल्या दिवशी मशीन उपलब्ध नसल्यास त्या दिवसाचे निम्मे शुल्क आकारले जाईल’ ही ओळ असेल तर पैसे घ्यायची वेळ सहसा येत नाही. प्रॉडक्शन मॅनेजर आदल्या दिवशी फोन करतो, एवढाच तिचा उपयोग, आणि तो मोठा आहे.

पैसे तीन हप्त्यांत: 60 हजार ऑर्डरबरोबर, 60 हजार चाचण्या झाल्यावर, 30 हजार अहवालाबरोबर. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवायचा, कारण अडकतो तो तोच.

आगाऊ 60 हजार ठरले आणि खात्यात 54 हजारच आले. का?

तो टीडीएस. कंपनी किंवा भागीदारी संस्था व्यावसायिक शुल्कावर कलम 194जे खाली 10 टक्के कापते. एका गिऱ्हाइकाकडून वर्षभरात मिळणारी रक्कम 50 हजारांवर जाणार असेल तर ही कपात होते. 1 एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 30 हजार होती. कापलेले पैसे तुमच्याच पॅनवर जमा होतात. तिमाही संपल्यावर फॉर्म 26एएस उघडून ते दिसतात का ते पाहा. पॅनमधला एक आकडा चुकला की पैसे भलत्याच्या नावावर जातात आणि निस्तरायला महिने लागतात. म्हणून बिलावर पॅन छापलेला असू द्या.

15एच भरून दिला तर टीडीएस कापणार नाहीत, हा ज्येष्ठांमधला लोकप्रिय गैरसमज आहे. तो फॉर्म बँकेच्या व्याजाला चालतो, शुल्काला नाही. काही लेखा विभाग ‘तांत्रिक सेवा’ धरून 2 टक्केच कापतात. खात्यात जास्त आले म्हणून हरखून जाऊ नका, उरलेला कर तुम्हालाच भरायचा असतो.

मग कर किती बसतो?

अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, वैद्यकीय, वकिली, लेखाकर्म, वास्तुरचना अशा ठरावीक व्यवसायांना कलम 44एडीएची सोय आहे. जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची, हिशेबाच्या वह्या नाहीत, ऑडिट नाही. जमा 50 लाखांपर्यंत असेल तर हे चालतं, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत. मनुष्यबळ, विक्री किंवा बँकिंगमधले सल्लागार या यादीत सरळ बसत नाहीत, त्यांनी विवरणपत्राआधी सीएला विचारावं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे नव्या कागदांवर इथले क्रमांक सापडले नाहीत तर गोंधळू नका.

आपल्या धातुतज्ज्ञाची पेन्शन वर्षाला 7 लाख 20 हजार. नव्या करप्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 6 लाख 45 हजार. ठेवींचं व्याज 2 लाख 40 हजार. वर्षभरात सल्ल्याचे 6 लाख आले तर निम्मे, म्हणजे 3 लाख. बेरीज 11 लाख 85 हजार. ही 12 लाखांच्या आत, म्हणून कर शून्य, आणि कापलेले 60 हजार परत.

आता मार्चमध्ये आणखी 2 लाखांचं काम आलं समजा. नफ्यात एकच लाख वाढतो, पण बेरीज 12 लाख 85 हजार होते आणि सूट जाते. कर 72,750 आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 75,660. वरच्या दोन लाखांतले पाऊण लाख करात गेले! 8 लाखांवर 80 हजार टीडीएस कापलेला असल्याने खिशातून वेगळं काही भरावं लागत नाही, फक्त परतावा आटतो, म्हणून बऱ्याच जणांना हे कळतही नाही. काम सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण ते एप्रिलमध्ये सुरू होऊ शकत असेल तर मार्चअखेर घाईने आगाऊ रक्कम घेण्यात शहाणपण नाही.

दोन गोष्टी निवृत्तांना हमखास चकवतात. साठी ओलांडलेल्याला व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही. सल्ल्याचं पहिलं बिल केलं की ही सूट संपते. टीडीएस वजा जाता 10 हजार किंवा त्याहून जास्त कर उरणार असेल तर 44एडीए वाल्यांनी तो 15 मार्चपर्यंत एकरकमी भरायचा, नाहीतर व्याज लागतं. गिऱ्हाईक म्हणजे लहान व्यक्तिगत मालकीचा कारखाना असेल तर तो टीडीएस कापायला बांधील नसतो, आणि नेमके तिथेच लोक अडकतात. दुसरं असं की नुसता पेन्शनर जुनी आणि नवी करप्रणाली दर वर्षी बदलू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुनी प्रणाली घ्यायला मुदतीत फॉर्म 10-आयईए द्यावा लागतो, आणि एकदा नव्यात परतलात की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. विवरणपत्र आयटीआर-1 नव्हे, आयटीआर-4. शेअर विकून मोठा भांडवली नफा झाला असेल किंवा कुठल्या कंपनीत संचालक असाल तर आयटीआर-3.

जीएसटी नंबर घ्यावाच लागतो का?

महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर. पेन्शन यात मोजत नाहीत, पण भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं भाडं, त्यावर कर नसला तरी, मोजतात. गुजरातेतल्या गिऱ्हाइकाला सेवा दिली म्हणून लगेच नोंदणी लागते हेही खरं नाही, 20 लाखांची मर्यादा तिथेही आहे. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. मोठ्या कंपन्यांचा खरेदी विभाग नंबराशिवाय व्हेंडर कोडच देत नाही. तसं गिऱ्हाईक पक्कं झालं तरच स्वेच्छेने घ्या, कारण मग 18 टक्के लावणं आलं आणि काम नसलेल्या महिन्यांचीही शून्याची विवरणपत्रं आली.

व्यवसाय कर मात्र बहुतेक जण विसरतात. महाराष्ट्रात स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्याला पीटीईसी नोंदणी आणि वर्षाला 2,500 रुपये भरावे लागतात. वयाची 65 वर्षं पूर्ण झाली की माफ.

पैसे अडकले तर?

अडकू नयेत म्हणून पहिल्या बिलाआधी उद्यम नोंदणी करा, म्हणजे सरकारदरबारी तुम्ही सूक्ष्म उद्योग ठरता. udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅन लागतं, पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. नोंदणी झाली की क्रमांक पत्रात आणि बिलावर लिहा. सूक्ष्म उद्योगाचं बिल, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायला खरेदीदार बांधील असतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. प्रत्यक्षात व्याज मागून संबंध तोडणारे थोडेच. खरा उपयोग दुसरीकडे आहे. मुदतीबाहेर थकलेलं सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल 31 मार्चलाही तसंच राहिलं तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च करात धरता येत नाही. फेब्रुवारीत त्यांच्या लेखा विभागाला उद्यम क्रमांकासह शांत शब्दांत ईमेल करा. मालकाला केलेल्या दहा फोनांपेक्षा तो लवकर लागू पडतो.

काम आवडलं, आता मालक म्हणतो रोज या, महिन्याला 75 हजार देतो.

दिवस मोजून पाहा. पंचवीस दिवसांना 75 हजार म्हणजे दिवसाला तीन हजार. शिवाय रोजची हजेरी, ठरलेली वेळ आणि वर साहेब असेल तर आयकर खातं तो पगार ठरवू शकतं, आणि मग निम्म्या नफ्याची सोय जाते. त्याऐवजी महिन्याचे चार दिवस 66 हजारांत द्या. न वापरलेला दिवस पुढच्या महिन्यात जाणार नाही, पाचवा दिवस लागला तर साडेसोळा हजार वेगळे, आणि दोन्ही बाजूंनी तीस दिवसांची लेखी सूचना असं पत्रात घाला. चार दिवसांच्या तारखा महिन्याच्या एक तारखेला प्रॉडक्शन मॅनेजरकडून ईमेलवर घ्या. तारखा मोकळ्या ठेवल्या की पहिले तीन आठवडे कुणी बोलवत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं की सलग चार दिवस फाइली लावायला बसवतात.